फिक्स्ड बीमचा कोलॅप्स लोड: १.१४, १.५ की २? तिघं तीन उत्तरं देतायत

स्वप्नील_कराड | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका गणितावरून आमच्या रूमवर दोन दिवस भांडण चालू आहे, म्हणून इथे धागा काढतोय.

आयएसएमबी ३०० चा बीम, गाळा ६ मीटर, दोन्ही टोकं फिक्स्ड, सगळ्या लांबीवर सारखा पसरलेला भार. स्टीलचा यील्ड स्ट्रेस २५० एमपीए. तक्त्यात इलॅस्टिक सेक्शन मॉड्युलस ५७३.६ घन सेमी आणि प्लास्टिक मॉड्युलस ६५१.७ घन सेमी आहे, म्हणजे शेप फॅक्टर १.१३६. त्यावरून

```
My = 573.6e3 × 250 = 143.4 kNm
Mp = 651.7e3 × 250 = 162.9 kNm
wy = 12 My / L² = 12 × 143.4 / 36 = 47.8 kN/m
wc = 16 Mp / L² = 16 × 162.9 / 36 = 72.4 kN/m
```

भागाकार आला १.५१५. पण सरांच्या नोट्समध्ये "फिक्स्ड बीमला यील्डनंतर दुप्पट राखीव ताकद" असं ठळक लिहिलंय. आणि माझा रूम पार्टनर म्हणतो की राखीव ताकद म्हणजेच शेप फॅक्टर, तेव्हा उत्तर १.१३६ च हवं. मग बरोबर कोण?

शिवाय ते १६ सुद्धा मी पाठ केलेलं आहे. मेकॅनिझम पद्धतीने स्वतः काढायला गेलो की 8Mp/L² येतं. कुठे चुकतंय ते कळत नाही.

---

कोकणी_चिकू | रविवार, रात्री १०.५२

प्लास्टिकचा बीम ६ मीटर? दोन महिन्यांत वाकणार. आमच्या अंगणातल्या खुर्च्या बघा.

---

मुळशीचा_मिलिंद | रविवार, रात्री ११.१५

सोप्पं आहे रे. तीन हिंज बनतात: दोन टोकांना, एक मध्ये. म्हणून आतलं काम 3Mpθ. बाहेरचं काम wL²θ/4. दोन्ही समान मांडलं की

```
w = 12 Mp / L²
```

आणि हे बरोबर असणारच, कारण फिक्स्ड बीमचा टोकाचा मोमेंट wL²/12 असतो हे बारावीच्या पोरालाही माहीत आहे. दोन्ही वाटांनी १२ आलं. तुझे १६ कुठल्यातरी गाइडमधली छपाईची चूक असेल.

---

गजानन_द | सोमवार, सकाळी ६.२०

मिलिंदराव, बाहेरचं काम तुम्ही अगदी बरोबर काढलंत, पण आतल्यात एक θ खाल्लात. मधल्या हिंजला डावा तुकडा θ ने खाली फिरतो आणि उजवाही θ ने फिरतो. दोन्ही तुकड्यांमधला कोन बदलतो 2θ ने. वहीचं पान मधोमध दुमडून बघा, घडी किती उघडते ते दिसेल. म्हणून

```
Mp·θ + Mp·2θ + Mp·θ = 4 Mp θ
w L² θ / 4 = 4 Mp θ
w = 16 Mp / L²
```

आणि ते १२ जुळलं म्हणून फसलात. बीमवर 12Mp/L² एवढाच भार असताना काय चित्र असतं ते बघा. टोकांना Mp पोहोचलेला आहे, हे खरं. पण टोकाचा आणि मधला मोमेंट मिळून नेहमी wL²/8 होतात. इथे ते दीड Mp. टोकाने एक Mp घेतला, मध्ये उरला अर्धा. मध्ये हिंज झालेलाच नाही, मग तीन हिंजांचं काम कुठून मांडलंत? तुमचे १२ म्हणजे पहिले दोन हिंज बनतानाचा भार आहे, बीम पडतानाचा नाही.

स्वप्नील, तुझे ८ कुठून आले तेही सांगतो. तू बहुतेक एकूण भार wL घेऊन त्याला मधल्या खाली येण्याने गुणलंस. पण सगळा भार मधे नाही. टोकाजवळचा भार जेमतेम खाली येतो, मधला पुरता येतो. सरासरी अर्धी. खाली आलेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ गुणिले w, एवढंच बाहेरचं काम:

```
w × ½ × L × (L/2)θ = w L² θ / 4
```

गंमत म्हणजे तुझं चुकीचं 8Mp/L² हे साध्या टेकूवरच्या बीमचं बरोबर उत्तर आहे. परीक्षक कधीकधी यावरून असं समजतो की पोराने टोकांचे हिंज विसरले, आणि तसे मार्क कापतो. चूक एक, शिक्षा दुसऱ्याच चुकीची.

१.१४, १.५ आणि २ बद्दल संध्याकाळी लिहितो, आता फिरायला निघालोय.

---

मुळशीचा_मिलिंद | सोमवार, सकाळी ९.०५

घडी घालून बघितली. मान्य. गाइडवाल्याची माफी मागतो.

---

अवांतर_अण्णा | सोमवार, दुपारी १.३०

अवांतर, पण इथेच शोभेल असं. हा फिक्स्ड बीमचाच प्रश्न प्लास्टिक पद्धतीच्या मुळाशी आहे. हंगेरीत गाबोर काझिन्झी नावाच्या अभियंत्याने १९१४ साली दोन्ही टोकं पक्की धरलेल्या पोलादी बीमवर चाचण्या केल्या. टोकाला पोलाद यील्ड झालं तरी बीम पडत नाही, तीन ठिकाणी बिजागऱ्या झाल्यावरच पडतो, हे त्याने मांडलं. म्हणजे स्वप्नीलच्या रूमवरचं भांडण शंभर वर्षांहून जुनं.

पुढे दुसऱ्या महायुद्धात केंब्रिजच्या जॉन बेकर यांनी याच विचारावर मॉरिसन शेल्टर बेतलं. १९४१ चं, घरात टेबलासारखं ठेवायचं पोलादी पिंजरं. वरचा मजला कोसळला तर पिंजरं वाकायचं, पण आतल्या माणसांना चिरडायचं नाही. वाकण्यातच पडणाऱ्या घराची ऊर्जा जिरवायची. दिवसा त्यावर जेवण, रात्री खाली झोप.

---

कोकणी_चिकू | सोमवार, दुपारी १.४८

अण्णा, हे भारी. टेबलावर जेवायचं आणि टेबलाखाली झोपायचं, आमच्या हॉस्टेलला बॉम्बशिवाय चालायचं हे.

आता गंभीर प्रश्न. गावच्या घराची बाल्कनी चार फूट बाहेर आलेली आहे, मुळाशी बारीक चीर दिसते. तुम्ही म्हणताय की टोकाला यील्ड झालं तरी बीम पडत नाही, अजून ताकद शिल्लक असते. मग चीर सोडून द्यायची ना?

---

गजानन_द | सोमवार, सायंकाळी ७.१०

चिकू, नाही! आधी तुझं, कारण ते जास्त तातडीचं. बाल्कनी एकाच बाजूने धरलेली. तिला पडायला एकच बिजागरी पुरते, आणि ती नेमकी तुझ्या चिरेच्या जागी. भार दुसरीकडे सरकवायला दुसरी जागाच नाही. फिक्स्ड बीमला तीन बिजागऱ्या लागतात, म्हणून पहिल्या दोन झाल्यावरही तो उभा राहतो. शिवाय तुझी बाल्कनी आरसीसीची, तिथे लोखंड गंजलं आहे का, वरच्या बाजूला आहे का, हे प्रश्न वेगळेच. उद्याच कोणा इंजिनिअरला दाखव, आणि तोवर तिथे कुंड्या ठेवू नकोस.

आता स्वप्नील. तुझ्या बीमची राखीव ताकद दोन वेगवेगळ्या खिशांतून येते, आणि तुम्ही तिघांनी वेगवेगळे खिसे मोजलेत.

पहिला खिसा सेक्शनचा. बाहेरची कड यील्ड झाली तरी आतलं पोलाद अजून भार घेऊ शकतं. सगळी उंची यील्ड होईपर्यंत मोमेंट My पासून Mp पर्यंत चढतो. हा शेप फॅक्टर. आय-सेक्शनमध्ये बहुतेक पोलाद आधीच कडेला, फ्लॅंजमध्ये असतं, म्हणून आत फार काही शिल्लक नसतं: १.१३६. भरीव आयताला हाच १.५ असतो, कारण त्याचं बरंच पोलाद मधल्या अक्षाजवळ आळशासारखं बसलेलं असतं.

दुसरा खिसा बीमचा. टोकं Mp ला पोहोचली की तिथे मोमेंट वाढत नाही, पुढचा भार मधला भाग घेतो. तुझ्याच आकड्यांत सांगतो. टोकाचे हिंज पूर्ण होतात 12Mp/L² ला, म्हणजे ५४.३ ला. तेव्हा मध्ये फक्त ८१.४ किलोन्यूटन-मीटर आहे, म्हणजे Mp चा अर्धा. इथून पुढे बीमला वाटतं की आपण साध्या टेकूवर आहोत. उरलेला अर्धा Mp भरायला

```
Δw L² / 8 = 81.4   →   Δw = 18.1
54.3 + 18.1 = 72.4 kN/m
```

या खिशातून मिळालं 16/12, म्हणजे ४/३. दोन्ही खिसे मिळून १.१३६ × ४/३ = १.५१५. तुझं उत्तर बरोबर.

तुझ्या सरांचं २ कुठलं? १.५ × ४/३. त्यांनी भरीव आयताचा बीम धरलाय. आय-सेक्शनला ते लावलं तर वीस-पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त चुकशील, आणि चुकशील तेही घातक बाजूला.

आणि पार्टनर? त्याचंही एका बीमला बरोबर आहे. मधोमध एकच एकवटलेला भार ठेव. मग इलॅस्टिकमध्येच टोकाला WL/8 आणि मध्येही WL/8 असतो. तिन्ही जागा एकाच वेळी यील्ड होतात. भार सरकवायला दुसरीकडे जागाच उरलेली नसते, दुसरा खिसा रिकामा. 8Mp/L भागिले 8My/L, उरतो नुसता शेप फॅक्टर.

---

स्वप्नील_कराड | सोमवार, रात्री ९.३०

काका, हे रूमच्या भिंतीवर चिकटवलंय. पार्टनर आता "मीही बरोबर" म्हणून चहा मागतोय.

एक शंका. मेकॅनिझम पद्धतीत तुम्ही हिंज मध्येच धरला. मी तो L/3 वर धरला असता तर?

---

रेवती_एस | सोमवार, रात्री १०.०५

हा प्रश्न मला आवडला, कारण पद्धतीची खरी खोच इथेच आहे. (पुण्यात स्टील स्ट्रक्चर डिझाइन करते, चौदा वर्षं.)

धर ना L/3 वर. डावं टोक θ, उजवं θ/2, मधला 1.5θ. आतलं काम 3Mpθ. खाली येणं Lθ/3, त्यामुळे बाहेरचं wL²θ/6. उत्तर 18Mp/L². हिंज x अंतरावर धरला तर

```
w = 4 Mp / [ x (L − x) ]
```

आणि हे सगळ्यात कमी होतं x = L/2 ला. मेकॅनिझम पद्धत नेहमी खऱ्या भाराएवढं किंवा त्याहून जास्तच उत्तर देते, कमी कधीच नाही. म्हणजे चुकीचा मेकॅनिझम निवडलास तर बीम आहे त्यापेक्षा दणकट वाटेल. म्हणून उत्तर आल्यावर बेंडिंग मोमेंट डायग्राम काढून बघायचा. 18Mp/L² ला काढून बघ, मध्यावर मोमेंट Mp च्या वर गेलेला दिसेल, सव्वा Mp. जे शक्यच नाही. तिथेच कळतं की हिंज चुकीच्या जागी धरलाय. १६ ला डायग्राम कुठेच Mp ओलांडत नाही, म्हणून तेच खरं.

परीक्षेत लोक काम मांडून थांबतात. ऑफिसात मी नव्या मुलांकडून आधी हा डायग्राम मागते.

---

हणमंत_फॅब | मंगळवार, रात्री ९.१२

मी डिझायनर नाही, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. इथलं गणित थोडं समजलं, थोडं डोक्यावरून गेलं. पण अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गोडाऊनचा माळा केला. ड्रॉइंगवर बीमच्या दोन्ही टोकांना फिक्स्ड लिहिलेलं. जोडणीचा डिटेल मात्र नाही. साइटवर जे नेहमी करतो तेच केलं, वेबला दोन अँगल क्लीट, चार-चार बोल्ट. माल चढल्यावर बीम एवढा लवला की खालून बघताना नजरेला दिसायचा. पडला नाही, पण मालकाने आमचं बिल अडवलं. शेवटी मधे खांब घालून प्रकरण मिटवलं. डिझाइन करणारा म्हणाला फॅब्रिकेटरने मारलं, मी म्हणालो कागदाने मारलं.

माझं म्हणणं असं की "फिक्स्ड" हा प्रकार कागदावरच असतो. साइटवर फिक्स्ड कोणी बघितलाय?

---

रेवती_एस | मंगळवार, रात्री ९.५०

हणमंतराव, तुमचा राग समजतो. वेबच्या क्लीटला मोमेंट घेताच येत नाही. त्या बीमचा कोलॅप्स लोड 16Mp/L² नव्हताच, 8Mp/L² होता. बरोबर अर्धा. आणि इलॅस्टिक लवणं तर पाचपट: फिक्स्डला १/३८४, साध्या टेकूला ५/३८४. तुमच्या नजरेला दिसलं ते हेच. डिटेल न देता नुसतं फिक्स्ड लिहिणं ही लिहिणाऱ्याचीच चूक.

पण फिक्स्ड बघितलाच नाही हे नाही मान्य. एंड प्लेट फ्लॅंजच्या वर-खाली बाहेर काढून, वरच्या ओळीत जाड बोल्ट घेऊन, कॉलमच्या आत स्टिफनर लावून केलेली जोडणी पुरा Mp घेते. अट एवढीच की कॉलमनेही तेवढा मोमेंट घेतला पाहिजे. शेवटच्या कॉलमला स्वप्नीलच्या बीमचा १६३ किलोन्यूटन-मीटर झेपला नाही, तर बिजागरी बीमऐवजी कॉलममध्ये बनेल.

---

गजानन_द | बुधवार, सकाळी ६.३५

रेवतीताईंना पुस्ती. हणमंतरावांच्या बोलण्यातही एक बाजू खरी आहे: अगदी शून्य फिरणारं टोक साइटवर नसतं. कॉलम थोडा फिरतो, बोल्ट थोडा सरकतो, एखादा टेकू चार मिलिमीटर खचतो. पण याचा परिणाम कशावर होतो ते बघा. पहिल्या यील्डचा भार, तुमचे ते ४७.८, याने पार बदलतो. रोलिंगच्या वेळी बीममध्ये अडकून राहिलेल्या ताणांनीही बदलतो. खरं सांगायचं तर ४७.८ हा आकडा साइटवर कुठेच सापडणार नाही.

७२.४ मात्र जागचा हलत नाही. कारण शेवटी बीम पडतो तेव्हा टोकांना Mp, मध्ये Mp, आणि दोन्ही मिळून wL²/8, यात कुठेच टेकू किती खचला होता हे येत नाही. हिंज थोडे उशिरा किंवा मागेपुढे होतात, एवढंच. टोकाची जोडणी थोडी फिरली तर चालतं. ती Mp घेण्याआधी तुटली, किंवा क्लीटसारखी मोमेंट घेतच नसली, तर नाही चालत. ताठपणा कमी पडला तर क्षम्य, ताकद कमी पडली तर नाही.

---

हणमंत_फॅब | बुधवार, सकाळी ८.१०

हे आधी कोणी सांगितलं असतं तर बिल सुटलं असतं.

---

मुळशीचा_मिलिंद | बुधवार, दुपारी १२.२०

पण मग प्रत्यक्षात बीम ७२ पर्यंत वापरायचा का? लवणार किती? बिजागऱ्या झाल्यावर रोज दार वाजल्यासारखं वाजेल बीम.

---

रेवती_एस | बुधवार, दुपारी २.४५

लवणं काढू. टोकाचे हिंज होईपर्यंत, ५४.३ ला, मधलं लवणं साधारण १०.६ मिमी. पुढच्या फक्त १८.१ ने ते पोहोचतं २८.४ मिमीवर. म्हणजे शेवटच्या चौथाई भाराला जवळपास दोन-तृतीयांश लवणं. कारण हिंजनंतर बीम पाचपट मऊ.

```
(12×1 + 4×5)/384 × Mp L²/(E I) = Mp L²/(12 E I) ≈ 28 mm
```

हे हिंज एकाच बिंदूत धरून केलेलं आदर्श गणित आहे, खऱ्या बीमला यील्ड हळूहळू पसरतं, थोडं जास्त लवेल.

पण रोजच्या वापरात इथवर येतच नाही. आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीप्रमाणे Mp ला १.१ ने भागायचं, मग कोलॅप्स ६५.८. त्याला भाराचा १.५ चा गुणक लावला की वापरातला भार ४३.९. हा पहिल्या यील्डच्या ४७.८ पेक्षाही कमी आहे. म्हणजे मिलिंद, चांगल्या बीमच्या आयुष्यात बिजागरी वाजतच नाही.

एक गोष्ट मात्र मला या धाग्यात कोणी लिहील असं वाटत होतं, ती अजून आली नाही. टोकाजवळ मोमेंट उलटा असतो, दाबाखाली असतो तो खालचा फ्लॅंज. वर स्लॅब आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण स्लॅबने धरलाय वरचा फ्लॅंज. खालचा मोकळाच. तो आडवा सरकला, तर टोकाला Mp पूर्ण फिरण्याआधीच बीम बाजूला वळेल आणि १६ ची गोष्ट संपली. टोकाजवळ खालच्या फ्लॅंजला बाजूचा आधार पाहिजे. साइटवर हा आधार विसरला गेल्याचं मी तीनदा तरी पाहिलंय.

---

अवांतर_अण्णा | बुधवार, सायंकाळी ५.००

आणि पोलादही हिंज झेपेल असं हवं ना? सगळं पोलाद लवचीक नसतं.

---

गजानन_द | बुधवार, सायंकाळी ७.४०

हो अण्णा. यील्डनंतर ताणत राहील असंच पोलाद लागतं. कोडमध्ये अट आहे की यील्डनंतरचा सपाट भाग यील्ड स्ट्रेनच्या निदान सहापट हवा, आणि तुटण्याची ताकद यील्डच्या निदान १.२ पट. शिवाय फ्लॅंज इतका पातळ नको की फिरता फिरता सुरकुतला. आयएसएमबी ३०० चा फ्लॅंज ७० मिमी बाहेर आणि १२.४ मिमी जाड, म्हणजे ५.६ पट. मर्यादा ९.४ ची, निवांत बसतो. पत्र्यातून घडवलेल्या सेक्शनला मात्र ही गोष्ट आधी तपासावी.

रेवतीताईंचा खालच्या फ्लॅंजचा मुद्दा सोन्याचा. माझ्याकडून सुटून गेला होता.

पण मीही एक काढतो. स्वप्नील, तुझ्या बीमच्या टोकाला कोलॅप्सच्या वेळी शिअर किती आहे ते काढलंस?

---

स्वप्नील_कराड | बुधवार, रात्री ११.५५

काढलं काका.

```
V  = 72.4 × 6 / 2 = 217 kN
Vp = 300 × 7.5 × 250/√3 = 325 kN
0.6 Vp = 195 kN
```

म्हणजे २१७ हे ०.६ च्या रेषेच्या वर. कोडप्रमाणे टोकाचा Mp कमी करायला हवा. केला, टोकाला साधारण १५८ येतो. मध्ये शिअर शून्य, तिथे १६२.९ च. मग

```
w = 8 (158 + 162.9) / 36 ≈ 71.3 kN/m
```

दीड टक्का गेला फक्त. त्याने V किंचित कमी होतो, मग Mp किंचित वाढतो, पण तेवढं फिरत नाही बसलो.

---

मुळशीचा_मिलिंद | गुरुवार, सकाळी ९.१५

दीड टक्क्यासाठी रात्री बारापर्यंत जागलास? लग्नानंतर कळेल.

---

कोकणी_चिकू | गुरुवार, सकाळी ११.०२

बाल्कनीचं सांगायला आलो. इंजिनिअर येऊन गेला. लोखंड खालच्या बाजूला घातलंय म्हणे. कुंड्या हलवल्या, आजी नाराज.

---

गजानन_द | गुरुवार, दुपारी ३.३०

चिकू, खालच्या बाजूला असेल तर कुंड्याच काय, माणसंही हलव. बाल्कनीला ताण वरून येतो. खालून टेकू लावून घ्या, मग पुढचं.

स्वप्नील, दीड टक्का इथे आलाय, कारण भार पसरलेला आहे. आता मला सांग, एकवटलेला भार डाव्या टोकापासून २ मीटरवर ठेवला तर राखीव ताकद किती?

---

स्वप्नील_कराड | गुरुवार, रात्री १०.२०

केलं. डावं टोक a, उजवं b.

```
Wc = 2 Mp L / (a b)
a = 2, b = 4 :  Wc = 244 kN
Wy = My L² / (a b²) = 161 kN
```

भागाकार पुन्हा १.५१५! पसरलेल्या भाराएवढाच. मग सूत्र मांडलं तर कळलं, भागाकार म्हणजे शेप फॅक्टर गुणिले 2b/L. मधोमध भार असेल तर 2b/L एक होतो, पार्टनरचं १.१३६. L/3 वर ४/३. आणि भार टोकाकडे सरकवत नेला तर तो दोनकडे जातो. म्हणजे आय-सेक्शनलाही २.२७ पर्यंत राखीव ताकद!

हे बघून उत्साहाने भार १ मीटरवर ठेवला. भागाकार १.८९, Wc ३९१ किलोन्यूटन. मग तुमचं आठवलं म्हणून शिअर काढलं. एका मीटरमध्ये मोमेंट −Mp पासून +Mp पर्यंत जायचा, म्हणजे ३२६ किलोन्यूटन. आणि वेबची सगळी शिअर ताकद ३२५.

म्हणजे मेकॅनिझम पद्धत सांगते ३९१, पण त्याआधीच वेब संपलेलं असतं. तिथे टोकाचा मोमेंट घ्यायला फ्लॅंजच उरतात. मग या बीमचा खरा आकडा कसा काढायचा? दोन्ही एकत्र धरणारा मेकॅनिझम असतो का?

---

रेवती_एस | गुरुवार, रात्री १०.४८

शिअर आणि मोमेंट दोन्ही धरून, V कमी-जास्त करत फिरावं लागतं. या वेळी दीड टक्क्यावर सुटणार नाहीस, आणि भाराखालचा हिंजही त्याच शिअरमध्ये आहे हे विसरू नकोस. फ्लॅंजपुरता Mp काढ आणि तिथून सुरुवात कर. आकडा आला की टाक इथे, माझा आणि तुझा जुळतो का बघू.

---

हणमंत_फॅब | शुक्रवार, सकाळी ७.५५

आणि वेबला स्टिफनर लावायचा असेल तर ड्रॉइंगवर दाखवा. साइटवर मी मनाने लावणार नाही.